काळ्या पडद्याचा स्क्रीनशॉट पांढऱ्या कागदावर छापला की काय होतं

ऑगस्ट उजाडला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या गावांमध्ये खरिपाच्या ई-पीक पाहणीची धावपळ सुरू होते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ही सोय आली आणि आपल्या सातबाऱ्यावरचं पीक शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून नोंदवायचं, असं ठरलं. मग ग्रामपंचायतीच्या सभागृहात एखादी शिकवणी होते. भिंतीवर प्रोजेक्टर लावतात आणि 'आधी इथे दाबा, मग तिथे दाबा' असं दाखवणारी चार पानं वाटतात. त्या पानांवरची चित्रं कुणीतरी आपल्याच फोनवर काढलेली असतात.

तो फोन डार्क मोडवर असेल, तर घोळ तिथूनच सुरू होतो. २०१९ पासून अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींमध्ये अख्खा फोन काळा करायची सोय आहे, आणि ती चालू असली की त्यातली बरीच ॲप्सही काळी होतात. फोनवर हे छान दिसतं. तेच चित्र कागदावर आलं की काळा ठोकळा होतो, त्यातली अक्षरं बुजतात आणि प्रिंटरचं कार्ट्रिज अर्ध्यातच संपतं. असं का होतं ते समजलं, की काय करायचं हेही आपोआप कळतं.

## पडदा स्वतः उजळतो, कागद उजळत नाही

फोनच्या पडद्यावर काळा रंग म्हणजे उजेड नसणं. तो दाखवायला काही खर्च करावं लागत नाही. पांढरं अक्षर म्हणजे तेवढ्या जागी लावलेला दिवा. कागदावर सगळं उलट आहे. पांढरा रंग फुकट मिळतो, कारण तो कागदाचाच असतो. काळ्याची मात्र प्रत्येक ठिपक्याला किंमत मोजावी लागते. म्हणजे डार्क मोडच्या चित्रात जे काही सांगायचं आहे, ती अक्षरं, प्रिंटर छापतच नाही. तो अक्षरांच्या भोवतालची सगळी रिकामी जागा छापतो. रांगोळीत रेषा न काढता रेषांमधलं सगळं अंगण भरून काढावं, तसं हे काम आहे.

अक्षर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्या उजळपणातल्या फरकाला कॉन्ट्रास्ट म्हणतात. तो गुणोत्तरात मोजतात. पांढऱ्यावर शुद्ध काळं म्हणजे २१ ला १, आणि वेबवरच्या साध्या मजकुरासाठी निदान साडेचारास १ असावा असा संकेत आहे. या लेखात एवढा एकच तांत्रिक शब्द पुन्हा पुन्हा येईल.

## शाईचा हिशेब

लेझर प्रिंटरच्या कार्ट्रिजवर '१५०० पानं' असं लिहिलेलं असतं. ती पानं कसली? सुमारे ५ टक्के भागच टोनरने व्यापलेली पानं, म्हणजे एखाद्या साध्या, विरळ पत्रासारखी. आता आपलं पान मोजू.

ए-फोर कागद २१ गुणिले २९.७ सेंटीमीटर, म्हणजे साधारण ६२४ चौरस सेंटीमीटर. फोनचा स्क्रीनशॉट १०८० गुणिले २४०० ठिपक्यांचा धरू. तो ६ सेंटीमीटर रुंद छापला तर उंची १३.३ येते आणि एक चित्र ८० चौरस सेंटीमीटर जागा घेतं. एका ओळीत अशी तीन चित्रं बसवली की पानाचा ३८ टक्के भाग गेला.

डार्क मोडच्या चित्रात ८८ टक्के भाग काळा धरला, तर नुसत्या चित्रांनी पानाचा ३४ टक्के भाग टोनरने भरतो. सोबतच्या मजकुराचे ३ टक्के मिळवा, एकूण ३७. म्हणजे असं एक पान कार्ट्रिजच्या लेखी सात पानांहून जास्त आहे. लाइट मोडच्या त्याच चित्रात काळा भाग १० टक्क्यांच्या आसपास असतो, त्यामुळे मजकुरासकट सगळं पान ७ टक्क्यांत आटोपतं.

चार पानांची पत्रिका साठ जणांना द्यायची तर २४० पानं छापावी लागतात. लाइट मोडमध्ये ती कार्ट्रिजच्या ३३६ पानांएवढी होतात. डार्क मोडमध्ये तीच पावणेअठराशेच्या घरात जातात. १५०० चं नवं कार्ट्रिज घालून बसलात तरी शेवटच्या आठ-दहा शेतकऱ्यांची पानं निघणार नाहीत.

आपल्या चित्राचा आकडा काढायचा असेल आणि संगणकावर ImageMagick हा चित्रांवर काम करणारा प्रोग्रॅम असेल, तर ही एक ओळ पुरते:

```
magick shot.png -colorspace Gray -format "%[fx:100*(1-mean)]" info:
```

उत्तर येतं ते चित्राच्या काळेपणाचे टक्के. प्रिंटर नेमका तेवढाच टोनर टाकेल असं नाही, पण अंदाजाला भरवशाचं आहे. आकडा पन्नासच्या वर गेला तर ते चित्र कागदासाठी नाही.

## ०.०४ मधला टिंब कुठे जातो

पैशांचा भाग एकवेळ बाजूला ठेवू. मला जास्त काळजी वाटते ती वाचण्याची, कारण इथे चूक झाली तर ती सातबाऱ्यावर जाते.

टोनर असो वा शाई, कागदावर पडताना ती थोडीशी पसरतेच. पांढऱ्या कागदावर काळं अक्षर असेल तर पसरल्याने ते किंचित जाड होतं आणि वाचायला काही अडत नाही. काळ्या ठोकळ्यात पांढरं अक्षर असेल तर भोवतालची शाई सगळ्या बाजूंनी अक्षरात शिरते आणि ते बारीक होतं. छापखान्यात अशा अक्षराला 'रिव्हर्स' म्हणतात, आणि बारीक टायपात रिव्हर्स द्यायला जाणता छपाईवाला नेहमीच कुरकुरतो.

कोकणातल्या नोंदीचं उदाहरण घेऊ. इथे वाडीचे तुकडे लहान. आंब्याची चार कलमं, पलीकडे सुपारी, कडेला नारळ, आणि प्रत्येकाखालचं क्षेत्र वेगळं. चार गुंठे म्हणजे ०.०४ हेक्टर. वर सांगितलेल्या आकारात छापलं, तर पडद्यावरचा एक ठिपका कागदावर ०.०५६ मिलिमीटरचा होतो. दशांशाचा टिंब साडेतीन-चार ठिपक्यांचा असतो, म्हणजे कागदावर ०.२ मिलिमीटरचा. आता शाई प्रत्येक बाजूने ०.०३ मिलिमीटर सरकली असं समजा. लाइट मोडमध्ये टिंब ०.२६ चा होतो आणि ठसठशीत दिसतो. डार्क मोडमध्ये तो ०.१४ चा उरतो, म्हणजे त्याचं क्षेत्रफळ निम्म्यावर येतं. ट्यूबलाइटच्या उजेडात, चाळिशीच्या चष्म्याने, तो दिसेल याची खात्री देता येत नाही.

देवनागरीला हा फटका जास्त बसतो, कारण आपल्या लिपीत बारीकसारीक खुणांवर बरंच काही अवलंबून आहे. अनुस्वार, रफार, उकार आणि जोडाक्षरातली आतली पोकळी या जागा आधी बुजतात. आकड्यांत १ आणि ९ ची गाठ अस्पष्ट झाली की गट क्रमांक वाचताना घोटाळा होतो.

त्यात पानावर लाल बाण काढलेले असतात. रंगीत पडद्यावर ते उठून दिसतात, पण काळ्या-पांढऱ्या प्रिंटरला लाल म्हणजे गडद करडा. गडद करडा बाण काळ्या पार्श्वभूमीवर जवळजवळ नाहीसा होतो आणि 'बाण दाखवलेलं बटण दाबा' या वाक्याला अर्थ उरत नाही. पांढऱ्या पार्श्वभूमीवर तोच बाण करडा का होईना, दिसतो.

## पावसाळ्यातला कागद

किनाऱ्यावर ऑगस्टमध्ये हवा इतकी दमट असते की ट्रेमध्ये रात्रभर उघडा राहिलेला कागद सकाळी हाताला मऊ लागतो. लेझर प्रिंटर टोनर कागदावर ओढतो तो विजेच्या भाराने. ओल धरलेल्या कागदातून तो भार निसटतो आणि टोनर सगळीकडे सारखा बसत नाही. साध्या मजकुरात हे लक्षातही येत नाही. मोठ्या काळ्या भागात मात्र ढगाळ, फिके पट्टे उमटतात आणि नेमकी त्याच पट्ट्यांतली पांढरी अक्षरं पुसट होतात. भरपूर टोनर बसलेला ओला कागद गरम रोलरमधून निघताना वळतोही, आणि वळलेला कागद अडकायला वेळ लागत नाही.

इंकजेटची तऱ्हा निराळी. तिथे शाईच पातळ असते. काळ्या ठोकळ्याएवढी शाई साध्या कागदावर ओतली की पान ओलं होऊन लाटा धरतं, वाळायला वेळ घेतं आणि वरच्या पानाच्या पाठीला डाग लावतं. त्यामुळे पावसाळ्यात रीम गुंडाळूनच ठेवा आणि लागेल तेवढाच कागद बाहेर काढा. चित्रं काळी असतील तर मात्र एवढ्यानेही पुरेसं होत नाही.

## मग भिंतीवर तरी डार्क मोड चालेल ना?

इथे तर्क थोडा उलटसुलट होतो, म्हणून सावकाश जाऊ. प्रोजेक्टरही उजेडच टाकतो. मग फोनवर छान दिसणारं चित्र भिंतीवरही छान दिसायला हवं. पण प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. 'काळं' म्हणजे त्या जागी प्रोजेक्टरने काही टाकलं नाही, एवढंच. तिथे खोलीतला उजेड पडतोच, आणि तो जितका असेल तितकंच ते काळं फिकट दिसतं. प्रोजेक्टर बंद असताना पडदा जसा दिसतो, तेवढंच काळं तुम्हाला मिळणार.

एक हिशेब करून बघू. प्रोजेक्टर ३००० ल्यूमेनचा, म्हणजे एकूण तेवढा उजेड टाकणारा, पडदा २ मीटर रुंद आणि दीड मीटर उंच. पूर्ण पांढरा रंग टाकला तर पडद्यावर १००० लक्स उजेड पडतो. लक्स म्हणजे एखाद्या पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजायचं माप. सभागृहाच्या खिडक्या उघड्या आहेत, कारण वीज कधी जाईल सांगता येत नाही आणि बंद ठेवल्या तर उकडतं. त्यामुळे पडद्यावर बाहेरून ३०० लक्स पडतात असं धरू.

आता ॲपमधल्या दुय्यम मजकुराकडे बघू. रकान्याखालची सूचना, 'हेक्टर-आर' असं एकक, हा सगळा मजकूर सहसा करड्या रंगात असतो. डार्क मोडमध्ये `#121212` या जवळजवळ काळ्या रंगाच्या पार्श्वभूमीवर `#A0A0A0` या फिकट करड्या रंगाची अक्षरं, आणि लाइट मोडमध्ये पांढऱ्यावर `#666666` या गडद करड्या रंगाची अक्षरं घेऊ. फोनवर मोजलं तर डार्कचा कॉन्ट्रास्ट ७.२ येतो आणि लाइटचा ५.७. डार्क सरस ठरतो.

भिंतीवर मात्र दोन्ही बाजूंना ते ३०० लक्स मिळवावे लागतात. डार्कमध्ये प्रोजेक्टर अक्षरावर ३५२ लक्स टाकतो आणि पार्श्वभूमीवर जेमतेम ६; ३०० मिळवले की अक्षर ६५२ आणि पार्श्वभूमी ३०६, म्हणजे गुणोत्तर २.१. लाइटमध्ये हेच आकडे १००० आणि १३३, म्हणून पार्श्वभूमी १३०० आणि अक्षर ४३३, म्हणजे ३.०. पारडं फिरलं. दोन्ही आकडे आदर्श नाहीत, पण मागच्या बाकावरून ३ वाचता येतो आणि २.१ ला लोक 'ते काय लिहिलंय?' असं विचारू लागतात.

असं होण्याचं कारण सोपं आहे. बाहेरचा उजेड लहान संख्येला जास्त बिघडवतो. सहात तीनशे मिळवले तर ती संख्या पन्नासपट होते, हजारात मिळवले तर जेमतेम १.३ पट. डार्क मोडचा सगळा डोलारा त्या लहान संख्येवर उभा असतो.

खिडक्या लावून, पडदे ओढून बाहेरचा उजेड ३० लक्सवर आणला तर चित्र पुन्हा पालटतं. डार्कचा कॉन्ट्रास्ट १०.६ होतो आणि लाइटचा ६.३. म्हणून अंधाऱ्या नाट्यगृहात डार्क स्लाइड शोभते. पण शिकवणीला लोकांना वहीत लिहायचं असतं, हातातला फोन आणि पत्रिका बघायची असते. म्हणजे उजेड लागतोच.

आणखी एक चूक फार दिसते. पांढऱ्या स्लाइडवर मधोमध काळा स्क्रीनशॉट चिकटवतात. डोळे भोवतालच्या पांढऱ्याला सरावतात आणि काळ्या चौकोनातलं काही वाचता येत नाही. डार्क चित्र वापरायचंच असेल तर ती अख्खी स्लाइडच काळी करा.

## 'प्रिंटर इकॉनॉमी मोडवर टाकला तर?'

हा उपाय हमखास सुचवला जातो. त्यात टोनर वाचतो, पण ठिपके विरळ करून. काळी पार्श्वभूमी करडी होते, अक्षर पांढरंच राहतं, म्हणजे दोघांतलं अंतर कमी झालं. जे आधीच वाचायला जड होतं, ते आणखी फिकं पडलं.

PowerPoint मधून छापताना `Grayscale` निवडलं की काम झालं, असंही अनेकांना वाटतं. तिथे स्लाइडची स्वतःची गडद पार्श्वभूमी सहसा काढून टाकली जाते आणि अक्षरं काळी होतात. स्लाइडवर चिकटवलेला स्क्रीनशॉट मात्र तसाच काळा राहतो, कारण प्रोग्रॅमच्या लेखी तो फोटो आहे. म्हणून छापण्याआधी प्रिव्ह्यू बघायचाच.

'डार्क मोडने डोळ्यांना आराम मिळतो, बॅटरी वाचते' हा मुद्दा फोनपुरता खरा असू शकतो. ओलेड पडद्यावर काळा ठिपका विजेशिवाय असतो, त्यामुळे बॅटरी खरोखर वाचते. प्रोजेक्टरच्या दिव्याला काळ्या-पांढऱ्याने फारसा फरक पडत नाही, आणि कागदाला तर बॅटरीच नाही.

## उपाय: चित्र पुन्हा काढा

सगळ्यात चांगला उपाय पाच मिनिटांचा आहे. फोनच्या Settings मध्ये Display उघडा, `Dark theme` बंद करा, ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा आणि तेच स्क्रीनशॉट नव्याने काढा. ॲप तरीही काळं राहिलं तर त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये थीमचा पर्याय शोधा. विंडोज संगणकावर Settings, Personalization, Colors या वाटेने जाऊन `Choose your mode` मध्ये `Light` निवडायचं.

चित्र संगणकावर पाठवताना व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेला की तो दाबून लहान केला जातो, अक्षरांभोवती मळकट कण उमटतात आणि छापल्यावर ते जास्त दिसतात.

अख्खा पडदा छापायचीही गरज नसते. वरची घड्याळ-बॅटरीची पट्टी आणि खालची रिकामी जागा कापा, आणि कामाचा भाग आठ सेंटीमीटर रुंद छापा. ०.०४ मधला टिंब आपोआप एक तृतीयांशाने मोठा होतो.

## पुन्हा काढता येत नसेल तर

पाहणीचा टप्पा उलटून गेला, ते पान आता ॲपमध्ये दिसतच नाही, असं होतं. मग हातातलं चित्र उलटवावं लागतं. विंडोजच्या Paint मध्ये `Ctrl+Shift+I` दाबलं की काळ्याचं पांढरं होतं. पण रंगही उलटतात. हिरवं बटण जांभळट-गुलाबी होतं, लाल बाण निळसर होतो, आणि खाली मजकूर तर 'हिरवं बटण दाबा' असाच असतो. काळ्या-पांढऱ्या छपाईत हे खपून जातं, रंगीत छपाईत किंवा स्लाइडवर नाही.

रंग राखून फक्त उजेड-काळोख उलटवायचा असेल तर ही आज्ञा वापरा:

```
magick dark.png -negate -modulate 100,100,200 -level 0%,90% light.png
```

यातलं `-negate` सगळं उलटवतं. `-modulate` मधला शेवटचा २०० रंगचक्र अर्धं फिरवतो, त्यामुळे हिरवं पुन्हा हिरव्याच्या जागी येतं. शेवटचा `-level` विसरू नका. डार्क मोडचं काळं खरं तर गडद करडं असतं, म्हणून उलटल्यावर ते पांढरं न होता फिकट करडं होतं. प्रिंटर त्या करड्यासाठी सगळ्या पानभर बारीक ठिपके मारतो. `-level` ने ते करडं स्वच्छ पांढरं होतं.

या युक्तीला एक मर्यादा आहे. चित्रात पिकाचा फोटो असेल तर तोही उलटतो. आभाळ काळं आणि सावली पांढरी, असं कलम कुणाला ओळखू यायचं नाही. तेवढा भाग मूळ चित्रातून कापून वर बसवा.

## डार्क चित्र कुठे ठेवावं

पत्रिका छापायची नसून व्हॉट्सॲपच्या गटावर पीडीएफ पाठवायची असेल, तर डार्क चित्रांनी काही बिघडत नाही. ती फोनच्या उजळ पडद्यावरच वाचली जाणार आहे. समोरच्यांपैकी अनेकांचे फोन काळे असतील, तर छापील पत्रिकेतही पहिल्या पानावर एक लहान डार्क चित्र द्या आणि खाली लिहा, 'तुमचा फोन असा दिसत असेल तरी बटणांच्या जागा याच आहेत.' बाकी सगळी चित्रं लाइट असू देत.

साठ प्रती काढण्याआधी एक प्रत काढा, आणि तिची बाजारातल्या दुकानात एक झेरॉक्स काढून आणा, कारण गावात पुढे ती झेरॉक्सच फिरणार असते. ती हातभर अंतरावर धरून, चित्र पूर्वी न पाहिलेल्या माणसाला गट क्रमांक आणि क्षेत्र मोठ्याने वाचायला सांगा. 'शून्य पॉइंट शून्य चार' असं न अडखळता आलं, तर बाकीच्या प्रती काढायला हरकत नाही.